विक्री विभागाचा डॅशबोर्ड : धावपळ आणि फळ वेगवेगळे दाखवायचे कसे?

फोंडेकर (12 ऑक्टोबर, सकाळी)

नमस्कार. आमचा व्यवसाय हॉटेले आणि उपाहारगृहे यांना स्वयंपाकघराची यंत्रे विकण्याचा आहे. कार्यालय फोंड्याला असून विक्रीसाठी पाच मुले आहेत आणि त्यांच्या कामावर देखरेख करणे हे माझे काम. गेली दोन वर्षे आम्ही एक्सेलमध्ये एक गुणपत्रक चालवतो. त्यात फोनला 1, भेटीला 3, कोटेशनला 5 आणि ऑर्डरला 20 गुण मिळतात, आणि महिनाअखेरीस बेरीज करून क्रम लावला जातो.

जुलैमध्ये बार्देशच्या किनारपट्टीवर फिरणाऱ्या मुलाने (त्याला 'अ' म्हणतो) 210 फोन, 64 भेटी, 22 कोटेशने आणि 2 ऑर्डरी केल्या. त्याचे गुण 552 झाले. सासष्टीत फिरणाऱ्या 'ब' चे 90 फोन, 31 भेटी, 11 कोटेशने आणि 4 ऑर्डरी होत्या. त्याचे गुण 318. म्हणजे 'अ' पहिला आला, पण त्याच्या ऑर्डरींची रक्कम 3.1 लाख होती आणि 'ब' ची 14.6 लाख. मालकांनी हा तक्ता पाहून एकच प्रश्न विचारला, "पहिला कोण, ते मला कळू दे." मला उत्तर देता आले नाही.

आता केलेले काम आणि त्याचे फलित वेगवेगळे दाखवणारा नवा तक्ता करायचा आहे. नेमके कोणते आकडे कुठे ठेवावेत?

म्हापशेकर

यात एवढा विचार करण्यासारखे काही नाही. फोन आणि भेटी पूर्ण काढून टाका. शुक्रवारच्या बाजारात बसणारी बाई किती गिऱ्हाइकांना हाक मारली ते मोजत नाही, संध्याकाळी गल्ल्यात किती पैसे आहेत ते मोजते. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. 'अ' ने 22 कोटेशनांतून 2 ऑर्डरी मिळवल्या, म्हणजे 9 टक्के. 'ब' ने 11 मधून 4, म्हणजे 36 टक्के. दुसरा चौपट चांगला आहे. हा एक आकडा आणि ऑर्डरची सरासरी रक्कम, एवढे दोनच रकाने ठेवा.

वास्कोवासी

आमच्याकडे फिरतीच्या मुलांच्या मोबाइलमध्ये जागा दाखवणारे अ‍ॅप टाकले आहे. कोण कुठे किती वेळ थांबला ते नकाशावर दिसते आणि खोट्या भेटी बंद होतात. तुम्हालाही तेच हवे आहे असे वाटते. किंमत विचारून सांगू का?

फोंडेकर

वास्कोवासी, आभार, पण भेटी खऱ्या आहेत की खोट्या हा माझा प्रश्न नाही. 'अ' खरोखरच उन्हातान्हात फिरतो, हे मला ठाऊक आहे. त्या फिरण्याचे पुढे काय होते, ते मला पाहायचे आहे.

आकडेमोड

म्हापशेकर यांचा रोख बरोबर आहे. काम आणि फलित एकाच बेरजेत घालणे ही मूळ चूक आहे, कारण गुणांचे भाव आपणच ठरवलेले असतात आणि सात भेटी केल्या की एका ऑर्डरपेक्षा जास्त गुण पदरात पडतात. पण त्यांनी काढलेले 9 आणि 36 टक्के हे आकडे मला मान्य नाहीत. जुलैच्या ऑर्डरींना जुलैच्या कोटेशनांनी भागले आहे. त्या चार ऑर्डरी जुलैच्या कोटेशनांतून आल्या, असे कोण म्हणतो? हॉटेलवाला कोटेशन हातात पडल्याच्या आठवड्यात डिशवॉशर घेत नाही. तो भागीदाराला विचारतो, दुसरीकडून भाव मागवतो, आणि आपल्याकडे तर सगळ्यांचे लक्ष ऑक्टोबरच्या हंगामावर असते. 'ब' च्या ऑर्डरी मे-जूनमधल्या कोटेशनांच्या असणार, आणि 'अ' ने जुलैत दिलेल्या कोटेशनांचे फळ सप्टेंबरात दिसणार.

या पद्धतीत एक विचित्र गोष्ट घडते. ज्याने या महिन्यात जोर लावून जास्त कोटेशने दिली, त्याची टक्केवारी याच महिन्यात घसरते. आणि जो हात बांधून बसला, त्याची जुन्या ऑर्डरींमुळे वाढते. वेर्ण्याच्या एका कारखान्यात विक्रीचा हिशेब माझ्याकडे होता. तिथे एका महिन्यात एका मुलाचा आकडा 150 टक्के निघाला होता, दोन कोटेशने आणि तीन ऑर्डरी. सगळे हसले, पण तक्ता पुढची दोन वर्षे तसाच चालला.

हे टाळायचे तर कोटेशनांच्या तुकड्या कराव्या लागतील. अमुक तीन महिन्यांत ज्यांना पहिले कोटेशन दिले, ती एक तुकडी. तिच्यातल्या किती जणांनी ठरावीक दिवसांच्या आत ऑर्डर दिली, तो खरा कन्व्हर्जनचा आकडा. त्या मुदतीआधी ती तुकडी कच्ची समजावी आणि तिची टक्केवारी काढूच नये.

फोंडेकर

पटले. पण मुदत किती दिवसांची धरायची, आणि कोटेशन मोजायचे कसे? एकाच हॉटेलला आम्ही तीन-तीन वेळा सुधारित कोटेशन पाठवतो. तुमचे वाचून मी जुलैची 22 कोटेशने पुन्हा पाहिली. ती 22 कागदपत्रे आहेत, पण गिऱ्हाइके 15 च आहेत.

आकडेमोड

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. दुसरा आधी घेतो. भागाकारात चौकशी एकदाच मोजा, कागद कितीही गेलेले असोत. तारीख पहिल्या कोटेशनची धरा आणि रक्कम प्रत्यक्ष ऑर्डरची, तीही सूट वजा करून आणि जीएसटी वगळून. नाहीतर जो गिऱ्हाइकाच्या मागे लागून दोनदा कोटेशन सुधारतो, त्याच मेहनती मुलाची टक्केवारी तुम्ही एक-तृतीयांश कराल. सुधारित कोटेशनांची संख्या कामाच्या बाजूला जरूर दाखवा, ती कामच आहे.

मुदत तुमच्याच नोंदींतून काढा. गेल्या वर्षीची प्रत्येक ऑर्डर घेऊन पहिल्या कोटेशनपासून किती दिवस लागले ते लिहा आणि चढत्या क्रमाने लावा. दहापैकी आठ ऑर्डरी जितक्या दिवसांत आलेल्या दिसतील, तितकी मुदत धरा. सगळ्या ऑर्डरी येईपर्यंत थांबलात, तर आकडा अचूक मिळेल पण तो निरुपयोगी होण्याइतका शिळा असेल.

शीटमध्ये प्रत्येक चौकशीची एक ओळ ठेवा. B रकान्यात मुलाचे नाव, C मध्ये पहिल्या कोटेशनची तारीख, E मध्ये ऑर्डरची तारीख. F मध्ये लागलेले दिवस :

```
=IF(E2="","",E2-C2)
```

तुकडीची सुरुवात H1 मध्ये आणि शेवट H2 मध्ये लिहा, मग 'अ' च्या मुदतीत आलेल्या ऑर्डरी अशा मोजता येतील :

```
=COUNTIFS(B:B,"अ",C:C,">="&$H$1,C:C,"<="&$H$2,F:F,"<=90")
```

यातली शेवटची अट काढली की त्या तुकडीतल्या एकूण चौकश्या मिळतात. 90 च्या जागी तुमची मुदत येईल. एकच पथ्य पाळा : H2 मधली तारीख आजपासून किमान मुदतीइतके दिवस मागे असलीच पाहिजे.

औषधांची बॅग

मध्येच लिहिते, क्षमस्व. मी औषध कंपनीत पणजी आणि तिसवाडीचा भाग पाहते. आमच्याकडे रोजच्या डॉक्टर-भेटींचा आकडा पक्का असतो, पण डॉक्टर काही ऑर्डर देत नाहीत. विक्री दिसते ती घाऊक विक्रेत्याच्या आकड्यांत, तीही भागाची, एकेका डॉक्टरची नव्हे. आमच्या साहेबांनी गेल्या वर्षी 'भेटीमागे विक्री' असा रकाना काढला. मडगावहून माल उचलणारे काही दुकानदार माझ्या भागात विकतात, त्यामुळे माझा आकडा पडला आणि दुसरीचा चढला. तुमच्या तुकड्या इथे कशा करायच्या?

आकडेमोड

ताई, तिथे तुकड्या होतच नाहीत, कारण भेट आणि विक्री यांना जोडणारी ओळच नोंदीत नाही. भागाची विक्री दाखवावी, पण ती भेटींनी भागू नये, एवढेच मी म्हणेन. यापेक्षा चांगला उपाय मला सुचलेला नाही.

फोंडेकर (15 ऑक्टोबर)

तीन रात्री बसून काम केले. गेल्या वर्षीच्या 61 ऑर्डरींपैकी निम्म्या 38 दिवसांच्या आत आल्या होत्या आणि 50 ऑर्डरी 90 दिवसांच्या आत. म्हणून मुदत 90 दिवस ठेवली. एप्रिल ते जूनची तुकडी सप्टेंबरअखेर पिकली, त्यामुळे तीच घेतली. जुलैपासूनची करड्या रंगात ठेवली आहे.

'अ' च्या 48 चौकश्यांतून 9 ऑर्डरी आल्या, म्हणजे 19 टक्के. 'ब' च्या 30 मधून 8, म्हणजे 27 टक्के. चौपटीचा फरक दीडपटीवर आला. रकमेत मात्र अंतर मोठे आहे. 'अ' ची एकूण विक्री 21 लाख आणि सरासरी ऑर्डर 2.33 लाखांची. 'ब' ची एकूण 39 लाख आणि सरासरी जवळपास 4.9 लाखांची.

म्हापशेकर

तुकड्यांचे मी मान्य करतो, ते माझ्या ध्यानात आले नव्हते. पण निष्कर्ष तर तोच राहिला. 'ब' जास्त सौदे पटवतो आणि प्रत्येक सौदा दुप्पट मोठा करतो. त्याला किनारपट्टीवर पाठवा.

आकडेमोड

पाठवण्याआधी फोंडेकरांनी दोन गोष्टी तपासाव्यात.

पहिली टक्केवारीची. 'ब' ची एक ऑर्डर कमी झाली असती तर 30 पैकी 7, म्हणजे 23 टक्के. आणि 'अ' ला एक जास्त मिळाली असती तर 48 पैकी 10, म्हणजे 21. एखाद्या हॉटेलवाल्याने चवथीच्या सुटीमुळे धनादेश आठवडाभर उशिरा दिला, तरी एवढा फरक पडतो. ज्या आकड्याचे चित्र एका ऑर्डरने बदलते, त्यावर माणसांच्या बदल्या करू नयेत. म्हणून तक्त्यात नुसते "27 टक्के" लिहू नका, "30 पैकी 8" असे लिहा. वाचणाऱ्याला आकड्याचा ठिसूळपणा आपोआप दिसतो.

दुसरी गोष्ट सरासरीची. 'ब' च्या आठही ऑर्डरी एकेक करून इथे लिहाल का?

फोंडेकर

लाखांत लिहितो. 'ब' : 1.2, 1.5, 1.8, 2.0, 2.4, 2.6, 3.5 आणि 24. शेवटची ऑर्डर एका नव्या रिसॉर्टच्या संपूर्ण स्वयंपाकघराची आहे. 'अ' : 1.0, 1.4, 1.6, 1.9, 2.1, 2.5, 2.8, 3.2, 4.5.

लिहितानाच काय झाले ते कळले. 'अ' ची मधली ऑर्डर 2.1 लाखांची आहे आणि 'ब' ची मधल्या दोहोंची सरासरी 2.2. ती 24 लाखांची एक ऑर्डर सगळी सरासरी ओढत आहे. तिला बाजूला ठेवले, तर 'ब' च्या उरलेल्या 29 चौकश्यांमागे 15 लाख येतात, म्हणजे चौकशीमागे सुमारे 52 हजार. 'अ' चे चौकशीमागे 44 हजारांच्या आसपास आहेत.

म्हापशेकर

अहो, पण ती 24 लाखांची ऑर्डर त्यानेच आणली ना? ती वगळणे हा अन्याय आहे. मालकाच्या खात्यात तर पूर्ण 24 लाख आले.

आकडेमोड

अन्याय होईल, जर ती लपवली तर. एकूण विक्रीत ती पूर्ण दिसली पाहिजे आणि त्याचे कौतुकही झाले पाहिजे. फक्त "याची नेहमीची ऑर्डर किती मोठी असते" या प्रश्नाचे उत्तर देताना तिला तिथे बसवू नका. मधली रक्कम दाखवा आणि शेजारी सर्वांत मोठी ऑर्डर स्वतंत्र दाखवा. पुढच्या तिमाहीत 'ब' चा आकडा "घसरला" म्हणून त्याला कोणी धारेवर धरू नये, यासाठीही हे हवे, कारण रिसॉर्टे दर तिमाहीला उघडत नाहीत.

आता माझ्या मनातली मुख्य शंका. बार्देशात 'अ' कुणाला विकतो आणि सासष्टीत 'ब' कुणाला विकतो? लहान उपाहारगृह आणि हॉटेल यांना एकाच टोपलीत घातले असेल, तर तुम्ही मुलांची नव्हे, भागांची तुलना करत आहात.

फोंडेकर (16 ऑक्टोबर)

रात्री वेगळे करून पाहिले आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. लहान उपाहारगृहे आणि शॅक एकीकडे घेतले, हॉटेले दुसरीकडे.

लहान गिऱ्हाइकांत 'अ' च्या 38 पैकी 6 ऑर्डरी आणि 'ब' च्या 12 पैकी 2. म्हणजे 16 आणि 17 टक्के. हॉटेलांत 'अ' च्या 10 पैकी 3 आणि 'ब' च्या 18 पैकी 6. म्हणजे 30 आणि 33 टक्के.

दोन्ही मुले जवळजवळ सारखीच आहेत. फरक एवढाच, की 'अ' च्या चौकश्यांत दहापैकी आठ लहान गिऱ्हाइके आहेत आणि 'ब' च्या दहापैकी चार. शॅकवाला भाव विचारतो, पावसाळ्यात शॅक उतरवतो आणि पुढच्या हंगामात जुनाच बर्नर दुरुस्त करून वापरतो. दोन वर्षे मी 'अ' ला गुणपत्रकात पहिला ठरवत होतो आणि गेल्या महिन्यात मालकांसमोर त्याला "नुसता फिरतो" असे म्हणालो. दोन्ही चुकीचे होते.

आकडेमोड

आणि आता कामाच्या आकड्यांचा उपयोग दिसतो. म्हापशेकर म्हणाले तसे ते काढून टाकले असते, तर हे सापडले नसते. 'अ' च्या भेटी कुणाकडे होतात, हा प्रश्न तुम्ही उद्या सकाळी त्याला विचारू शकता आणि तो पुढच्या आठवड्यात ते बदलू शकतो. ऑर्डरींचा आकडा मात्र कुणी पुढच्या आठवड्यात बदलू शकत नाही, तो तीन महिन्यांपूर्वीच्या कामाचा असतो.

एक सावधगिरी : 12 पैकी 2 आणि 10 पैकी 3 हे फार लहान आकडे आहेत. "दोघे सारखे आहेत" हे यातून सिद्ध होत नाही. "दोघांत फरक आहे असे म्हणायला आधार नाही", एवढेच म्हणता येते.

रस्त्यावरचा

मी स्वतः फिरतीवरचा आहे, डिचोली-सत्तरी भागात, वेगळ्या धंद्यात. साहेब लोकांनी एक लक्षात घ्यावे. आमच्याकडे पूर्वी भेटींवर बक्षीस होते, तेव्हा आम्ही एकाच बाजारात पाच दुकानांत डोकावून पाच भेटी लिहीत असू. मग कन्व्हर्जनवर बक्षीस आले. तेव्हापासून ऑर्डर पक्की होईपर्यंत आम्ही कोटेशनची नोंदच करत नाही. तोंडी भाव सांगतो, गिऱ्हाईक हो म्हणाले की एकाच दिवशी कोटेशनही चढवतो आणि ऑर्डरही. माझे कन्व्हर्जन 80 टक्के आहे. साहेब खूश आहेत.

फोंडेकर

हे वाचून हसूही आले आणि भीतीही वाटली. असे होत असेल तर ओळखायचे कसे?

आकडेमोड

तुमच्या F रकान्यातच दिसेल. ज्याच्या ऑर्डरी शून्य किंवा एक दिवसात आलेल्या दिसतात आणि हरलेल्या चौकश्या जवळपास नाहीतच, तो उशिरा नोंदवतो. इतरांना निम्म्या ऑर्डरींसाठी 38 दिवस लागत असताना एखाद्याला 2 लागत असतील, तर ते कौशल्य नव्हे. दुसरी खूण म्हणजे एकूण चौकश्यांची संख्या अचानक रोडावते आणि टक्केवारी चढते. म्हणून टक्केवारी कधीही एकटी दाखवू नये, तिच्या शेजारी चौकश्यांचा आकडा असलाच पाहिजे.

शक्य असेल तर चौकशीची नोंद मुलांच्या हाती न ठेवता कार्यालयात फोन घेणाऱ्या व्यक्तीकडे द्या. मुलांनी स्वतः शोधलेल्या चौकश्या तरीही त्यांच्याच हाती राहतील, याला इलाज नाही.

रस्त्यावरचा

इलाज आहे. टक्केवारीवर बक्षीस देऊ नका, रकमेवर द्या. मग लपवण्याचे कारणच उरत नाही.

म्हापशेकर

रकमेवर बक्षीस दिले की सूट देऊन माल खपवतील. तोही अनुभव घेऊन झाला आहे.

फोंडेकर (18 ऑक्टोबर)

सर्वांचे आभार. तूर्त असा तक्ता केला आहे. पहिल्या पानावर फक्त काम : भेटी (लहान गिऱ्हाईक आणि हॉटेल वेगळे), नव्या चौकश्या, सुधारित कोटेशने, आणि ज्यांच्यासाठी पुढची तारीख ठरलेली नाही अशा उघड्या चौकश्या. हे पान दर सोमवारी मुलांबरोबर पाहायचे, त्यात क्रम लावायचा नाही. दुसऱ्या पानावर फलित : पिकलेल्या शेवटच्या तुकडीच्या ऑर्डरी "इतक्यांपैकी इतक्या" या रूपात, दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या, मधली रक्कम, सर्वांत मोठी ऑर्डर, आणि ऑर्डरीला लागलेले दिवस. हे पान तीन महिन्यांतून एकदाच उघडायचे आणि तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करायची, कारण आपल्याकडे एप्रिलची चौकशी आणि डिसेंबरची चौकशी एका जातीची नसते. डिसेंबरात हॉटेलवाल्याला फोन उचलायलाही सवड नसते.

काल मालकांना दाखवले. त्यांनी दोन्ही पाने नीट पाहिली, शॅकचा मुद्दा त्यांना पटला, आणि मग म्हणाले, "सगळे ठीक आहे, पण पहिला कोण?" ते एकूण रकमेचा क्रम मागत आहेत आणि तो कार्यालयाच्या भिंतीवर लावायचा म्हणतात. तसे केले तर 'अ' उरलेले वर्षभर खालीच राहील, कारण त्याचा भागच तसा आहे. भाग बदलून द्यावा तर 'ब' ची हॉटेलांशी जुळलेली ओळख वाया जाते. भागानुसार वेगळे टार्गेट ठेवण्याचा विचार आहे, पण ते ठरवायला माझ्याकडे एकाच वर्षाच्या धड नोंदी आहेत. कुणी असे टार्गेट कमी नोंदींवर बसवले असेल तर जरूर लिहावे.

औषधांची बॅग

आमच्याकडे बसवले आहे, गेल्या वर्षीच्या विक्रीत सरसकट 15 टक्के वाढवून. तसे मात्र करू नका. ज्याने गेल्या वर्षी चांगले काम केले, त्याचाच डोंगर उंच होतो.